लिहिणारा : सत्तावीस

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागनं येतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. दौंडला रेल्वे लाइनच्या अलीकडं आमची वस्ती. तिथं शाळेच्या वाटेवर रोज एक तरी भांडण ठरलेलं असायचं, आणि माझे वडील, जे रेल्वेत गँगमन होते, ते भांडण हरून आलेल्या पोराला घरी आणखी दोन द्यायचे. "मार खाऊन आलास तर इथंबी खाशील," हा त्यांचा कायदा. दहावीपर्यंत माझ्या भुवईला तीन टाके पडले होते आणि दुसऱ्यांच्या भुवयांना किती, ते मी मोजलं नाही.

बीसीएला शिरूरला आलो तेव्हा आईनं बजावलं होतं, हात आवर. मी आवरला. अडीच वर्षं आवरला. खोलीवर भाकरी थापून खाल्ली, लॅबमध्ये तळ ठोकला, तिसऱ्या वर्षाला डिपार्टमेंटात पहिला आलो. म्हणूनच सेमिनारला मॅडमनी मला उभं केलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख, कडक बाई. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षाच्या पोरांना नोएसक्यूएल समजावून सांग. त्यांनी आत्ता कुठं टेबल शिकलंय. घाबरवू नकोस."

घाबरवायचं कशाला? मला तो विषय जीव की प्राण होता. खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. टेबलात रकाने आधी ठरतात आणि माणूस मागनं येतो. तुम्ही कुणीही असा, ठरलेले रकाने भरायचे. पहिलीपासून मी ज्या ज्या फॉर्मवर पेन टेकवलं, तिथं एक रकाना माझी वाट बघत असायचा. तो भरताना मास्तर माझ्याकडं एकदा वर बघायचे आणि मग पुढचा फॉर्म घ्यायचे. दुसऱ्या वर्षाला मी डॉक्युमेंट डेटाबेस पहिल्यांदा बघितला. एका संग्रहात प्रत्येकाची नोंद वेगळी असू शकते, ज्याला जे आहे ते त्यानं लिहावं, नाही ते लिहूच नये, हे वाचल्यावर त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. येडा होतो मी. पण आनंद खरा होता.

सेमिनार सकाळी अकराला. हॉलमध्ये पहिल्या वर्षाची पंचावन्न पोरं-पोरी, मागं मॅडम आणि दोन सर, दारात लॅबचे मामा. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. कॉम्प्युटरपेक्षा पोरांच्या मोबाइलवर त्यांची नजर जास्त. माझ्या लॅपटॉपवर मोंगोडीबी, म्हणजे तसलाच एक डॉक्युमेंट डेटाबेस, आणि छोटासा सर्व्हर चालू होता, आणि लॅबमधनं आणलेल्या वायफाय राउटरवर पोरांनी आपापले फोन जोडले होते. पडद्यावर नोंदी दिसत होत्या आणि दर दोन सेकंदांनी पान आपोआप ताजं होत होतं.

सुरुवात झकास झाली. मी म्हणालो, "नोएसक्यूएल म्हंजी एसक्यूएल नको, असं न्हाई. फक्त एसक्यूएलच न्हाई, असं समजा." मग वर्गातलंच उदाहरण घेतलं. "एकाकडं दोन फोन नंबर हायेत. एकाकडं एसटीचा पास हाय. एक होस्टेलला हाय, त्याला खोली नंबर हाय. टेबलात काय होईल? पासचा रकाना केला की होस्टेलवाल्यापुढं रिकामा. खोलीचा केला की पासवाल्यापुढं रिकामा. दुसरा फोन नंबर ठेवायला वेगळं टेबल, आन् ते जोडायला जॉइन. डॉक्युमेंटमध्ये? ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या नोंदीत. दोन नंबर असले तर तिथंच यादी करा." पोरांनी माना डोलावल्या. पुढच्या बाकावर एक दणकट, उन्हानं रापलेला पोरगा वहीत भराभर लिहून घेत होता. बाकी कुणाकडं वही नव्हती.

मग की-व्हॅल्यूवाले, कॉलमवाले आणि ग्राफवाले डेटाबेस एकेका वाक्यात सांगितले. एकाच माहितीच्या प्रती तीन-चार मशीनवर कशा ठेवतात तेही सांगितलं. "वरवंडच्या पोराच्या फोनवर ग्रुपचा मेसेज आधी दिसतो, निमोण्यात रेंज न्हाई म्हणून मागनं दिसतो. थोडा वेळ दोघांचं चित्र वेगळं. नंतर दोघांकडं तेच. काही डेटाबेस हा थोडा वेळ चालवून घेतात, कारण त्यांना काम थांबवायचं नसतं." निमोण्याचं नाव काढल्यावर पुढच्या बाकावरचा पोरगा हसला. मागनं कुणीतरी ओरडलं, "ए निमोणे, रेंज आली का?" सगळे खिदळले.

नववी स्लाइड म्हणजे माझा हुकमी एक्का. पहिल्यांदा माझी स्वतःची नोंद दाखवली. नाव, गाव दौंड, आवडतं पोहणं. मग म्हणालो, "आता तुमच्या फोनवर चार चौकोन दिसतील. कुणाच्या नोंदीत लिहायचं, फील्डचं नाव काय, त्यात काय लिहायचं, आन् लिहिणाऱ्याचा रोल नंबर. तुम्हाला वाटंल ते फील्ड करा. टेबलासारखं आधी कुणाला विचारायचं न्हाई, रकाना वाढवायचा हुकूम सोडायचा न्हाई. इथं कुणी तुम्हाला अडवत न्हाई!"

टाळ्या पडल्या. पडद्यावर नोंदी फुलायला लागल्या. कुणी 'बैल' फील्ड करून दोन बैलांची नावं टाकली. एका पोरीनं 'न आवडता विषय' केला आणि त्यात मॅडमचाच विषय लिहिला, तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या. माझ्या नोंदीत कुणीतरी 'उंची : जिराफ' टाकलं. मी हसलो. पान परत ताजं झालं.

माझ्या नोंदीत आणखी दोन फील्ड आली होती. एक होतं 'सीट', आणि त्यापुढं 'फुकटची'. दुसरं होतं 'जात'. त्यापुढं जो शब्द होता तो मी इथं लिहिणार नाही. माझ्या आज्याला गावात ज्या शब्दानं हाक मारायचे आणि जो ऐकून त्यानं गाव सोडलं आणि दौंड धरलं, तो शब्द. सहा फुटी पडद्यावर, माझ्या नावाच्या खाली. आणि शेवटी 'लिहिणारा : २७'.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या अंगात आहे. मी माइकवरच विचारलं, "सत्तावीस कोण?"

पुढच्या बाकावरचा तो वहीवाला उठला. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, उलट काहीतरी उमगल्यासारखं दिसत होतं. तो म्हणाला, "दादा, सत्तावीस मी हाय. पण मग ह्यात कुणीबी कुणाचंबी नाव घालून लिहू शकतं का?"

मला वाटलं, हा मला हिणवतोय. मलाच बोलून वर माझ्याच भाषणाचा दाखला देतोय. मी स्टेजवरनं खाली उडी मारली आणि उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानशिलात सणसणीत ठेवून दिली. डाव्या हातातला माइक चालूच होता. तो आवाज स्पीकरमधनं सगळ्या हॉलभर फुटला, खाडकन. पोरी किंचाळल्या. तो बाकावर आदळला, सावरून उठायला गेला, तेव्हा मी त्याच्या पोटात गुडघा घातला. वही पायाखाली आली. मी त्याला कॉलर धरून ओढला आणि भिंतीवर आपटला, एकदा नाही, दोनदा. तोंडानं मी काय काय बोलत होतो ते नंतर मला दुसऱ्यांकडनं कळलं. त्याच्या आईबद्दलही बोललो होतो म्हणे.

त्यानं एकदाही हात उचलला नाही. त्याच्या मनगटाची जाडी माझ्या मनगटाच्या दुप्पट होती, मनात आणलं असतं तर मला उचलून खिडकीबाहेर टाकला असता. तो फक्त कानावर हात दाबून "दादा, मी न्हाई, दादा, मी न्हाई" म्हणत होता. मग त्याच्या वर्गातली चार-पाच पोरं माझ्यावर तुटून पडली. माझे मित्र स्टेजमागनं धावले. खुर्च्या उडाल्या, एक माझ्या पाठीत बसली. कुणाचं तरी नाक फुटलं आणि फरशीवर रक्त सांडलं. मॅडमचा आवाज चिरकत होता, पण त्या गोंधळात त्यांना कोण विचारतंय!

मामा मधे घुसले. माझ्या मानेला धरून त्यांनी मला बाजूला फेकलं आणि ओरडले, "आरं मुडद्या, कुणाला हानतूस? ह्याचा फोन सकाळपासनं माझ्या कपाटात हाय!"

सकाळच्या प्रॅक्टिकलमध्ये त्याचा फोन वाजला होता. मामांनी काढून घेतला होता, चारला देणार होते. म्हणूनच तो वहीत लिहीत बसला होता. मामांनी खिशातली कपाटाची किल्ली काढून माझ्या डोळ्यांपुढं नाचवली. तो पोरगा भिंतीला टेकून खाली बसला होता आणि त्याच्या डाव्या कानातनं रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरत होती.

मी पडद्याकडं बघितलं. 'लिहिणारा : २७' तसंच होतं. डेटाबेसचं काहीच चुकलं नव्हतं. जे लिहिलं ते त्यानं इमानानं ठेवलं होतं. लिहिणाऱ्याचा चौकोन मीच उघडा ठेवला होता. लॉगिन नाही, तपासणी नाही, कुठल्या फोनवरनं काय आलं याची नोंद नाही. बाराव्या स्लाइडवर मी ते सांगणारही होतो की फील्ड मोकळी असली तरी नियम लावता येतात, चुकीची नोंद नाकारता येते, कुणी काय लिहायचं याचे अधिकार वाटून देता येतात आणि खऱ्या कामात ते द्यावेच लागतात. त्या पोरानं बारावी स्लाइड नवव्यालाच ओळखली होती. एवढ्या जणांत एकट्यानं बरोबर प्रश्न विचारला आणि मी त्याचा कान फोडला.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघून सांगितलं, कानाचा पडदा फाटलाय. बऱ्याचदा आपोआप भरतो, दीड-दोन महिने कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. नाही भरला तर ऑपरेशन. मला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात त्याचे वडील धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, "दोन म्हैने? साहेब, त्याचं मेडिकल तीन आठवड्यांनी हाय की."

तेव्हा मला कळलं. पोरगा दोन वर्षं मिलिटरी भरतीच्या मागं होता. आधी दोनदा हुकलं. ह्या खेपेला लेखी निघालं, ग्राउंड निघालं, फक्त मेडिकल राहिलं होतं. वयाच्या अटीत ही शेवटची खेप होती. कॉलेजात नाव घालून ठेवलं होतं ते वडिलांच्या हट्टानं, हाताशी काहीतरी असावं म्हणून. पहाटे चारला उठून निमोण्याच्या रस्त्यावर पळायचा आणि मग पहिल्या एसटीनं यायचा. कान फाटलेल्याला कोण घेतं भरतीत?

प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये सगळ्यांना मिटवायची घाई. मला तर वाटत होतं, पोलिसात द्या, काय ती एकदाची शिक्षा होऊ दे. पण तो पोरगाच नको म्हणाला. त्याचे चुलते टेबलावर मूठ आपटत होते, "केस टाकायची म्हंजी टाकायची!" आणि तो एका कानावर कापूस दाबून वडिलांना सांगत होता, "आबा, केस नगं. माझ्या वर्गातल्या पोरांनीबी हानलंय. उद्या उलटी केस झाली तर भरतीच्या पोलिस पडताळणीत माझं नाव अडकंल." कान भरेल अशी आशा होती त्याला. तेवढ्यासाठी त्यानं कागदावर लिहून दिलं की गर्दीत पाय घसरून पडलो. मी त्या कागदाकडं बघत उभा राहिलो. एवढं धडधडीत खोटं, आणि ते माझ्यासाठी लिहिलेलं. मी म्हणालो, "सर, मी मारलंय. असं लिहा." प्रिन्सिपल म्हणाले, "तू गप रे. पुरे झाली तुझी भाषणं."

चुलते गप बसणारे नव्हतेच. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटबाहेर, रसवंतीच्या मागं, मला सहा जणांनी घेरलं. एकाच्या हातात पट्टा, एकाच्या हातात बांबू. मी हात बांधूनच उभा राहिलो, शहाणपणानं नव्हे, लाजेनं. पट्ट्याचं बक्कल तोंडावर बसलं आणि पुढचा दात अर्धा तुटून जिभेवर आला. बांबू बरगडीवर. खाली पडल्यावर लाथा. रसवंतीवाला ओरडत होता, "मरंल रं त्यो, सोडा!" एक जण माझ्या कानावर वाकून तोच पडद्यावरचा शब्द बोलला. त्या क्षणाला माझी लाज पळाली. मी त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि चावलो, तोंडात खारट रक्त येईपर्यंत चावलो. मारल्याबद्दल मारा, हक्क आहे. पण त्या शब्दावर कुणाचाच हक्क नाही. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

दौंडला घरी गेलो तर वस्तीतली पोरं गाडी काढून तयार. "चल, निमोणं दाखव." वडील उंबऱ्यात उभे होते. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू ज्याला हानलास, त्यानं लिव्हलं हुतं का?" मी म्हणालो, "न्हाई." "त्यानं तुला उलटा हात लावला?" "न्हाई." वडिलांनी मला तिथंच, तुटक्या दातासकट, असा तडाखा दिला की मी ओसरीवरनं खाली आलो. मग पोरांकडं वळून म्हणाले, "गाडी लावा आत. शब्दाचं काय करायचं ते आपण बघू. पर निमोण्याच्या त्या पोरापाशी आपली बाजू न्हाई." आयुष्यभर मार देणाऱ्या माणसानं तेव्हा मारलं ते मला एकट्यालाच पटलं, आईला नाही.

खरा लिहिणारा सापडला नाही. मॅडमनी बाकीच्या चोपन्न जणांना एकेक करून बोलावलं, चोपन्न जणांनी आईशप्पथ घेतली. कुणीतरी त्यातलाच. दुसऱ्याचा नंबर टाकला म्हणजे आपण सुटलो, एवढी अक्कल असलेला. तो आता पास होऊन कुठंतरी नोकरी करत असेल, माणसांच्या नोंदी भरत असेल.

कान भरला नाही. आत पू झाला, डॉक्टरांनी हात झटकले, ऑपरेशनच म्हणाले. मेडिकलला तो तसाच गेला आणि अनफिट ठरला. रिव्ह्यू मेडिकलसाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी, अर्ज केला. तिथंही बाकी सगळं ठीक, डावा कान अनफिट. हे मला त्यानं सांगितलं नाही, मामांनी सांगितलं. त्या दिवशी दुपारी मी शिरूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसलो. निमोण्याच्या गाडीला तो येणार हे माहीत होतं.

तो आला. पाठीवर सॅक, केस अजून भरतीच्या मापाचे बारीक कापलेले. मला बघून थांबला. मी त्याच्या समोर गेलो आणि म्हणालो, "मार मला. इथं, सगळ्यांपुढं. मी हात उचलणार न्हाई."

"काय?" तो म्हणाला. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. त्यानं मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला आणि वाट बघत राहिला. मला तेच वाक्य परत म्हणावं लागलं. त्यानं माझ्या तुटक्या दाताकडं बघितलं, मग गाडीकडं.

"मारून कान येतो व्हय, दादा?" तो म्हणाला. "येत असता तर तुम्हाला जित्ता सोडला नसता."

कंडक्टरनं बेल मारली. गाडी त्याच्या डाव्या अंगाला होती, त्याला बेल ऐकू आली नसावी, कारण तो तसाच उभा होता. मीच त्याच्या दंडाला धरून गाडी निघाल्याचं दाखवलं, आणि हात लावल्याबरोबर तो खांदा आकसून मागं सरला.